आजोबा पन्हाळ्याचे, हे कागदावर कसं दाखवायचं?

परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला जे ओसीआय कार्ड मिळतं, त्यासाठी अर्ज करणाऱ्याच्या घरात आई, वडील किंवा आजी-आजोबांचा जुना भारतीय पासपोर्ट असेल, तर मूळ दाखवण्याचा प्रश्न बहुतेक सुटतो. खरी धावपळ असते ती ज्यांच्याकडे तो नाही त्यांची. माझी निम्मी नोकरी तहसीलच्या अभिलेख कक्षात गेली, त्यामुळे असे लोक शेवटी माझ्याकडे येतात. आमच्या भावकीतलंच एक प्रकरण सांगतो.

चुलत आजोबा १९२१ साली पन्हाळा तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मले, १९४३ ला नोकरीसाठी नैरोबीला गेले आणि पुढे ब्रिटिश नागरिक झाले. त्यांचा मुलगा १९५७ ला नैरोबीत जन्मला, नात १९८६ ला लेस्टरमध्ये. अर्ज या नातीचा. १९५० नंतर घरात कुणाकडेच भारतीय पासपोर्ट नव्हता.

तरी ती पात्र ठरते. २६ जानेवारी १९५० रोजी जो भारताचा नागरिक होण्यास पात्र होता, त्याच्या मुलाला, नातवाला, पणतवाला ओसीआय मिळू शकतं. राज्यघटनेच्या कलम ८ प्रमाणे स्वतः, आईवडील किंवा आजी-आजोबा १९३५ च्या भारत सरकार कायद्यातल्या ‘भारता’त जन्मले असतील, तर परदेशात राहणारा माणूसही नोंदणी करून नागरिक होऊ शकत होता. त्या व्याख्येत संस्थानंही येतात. कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला, म्हणून लोक दचकतात की आजोबा ‘संस्थानी प्रजा’, त्यांचं कसं होणार? काही बिघडत नाही. अडचण येते ती आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबांपैकी कुणी कधी पाकिस्तानचं वा बांगलादेशचं नागरिक असेल तर. तिथे कागद कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

म्हणजे सिद्ध करायच्या गोष्टी दोन: आजोबा इथे जन्मले, आणि नात त्यांचीच. आधी एका कोऱ्या कागदावर वंशावळ काढा आणि प्रत्येक पिढीला जोडणाऱ्या रेघेवर त्या नात्याचा कागद लिहा. ज्या रेघेवर काही लिहिता येत नाही, तिथेच काम आहे.

आमच्याकडे खालून पहिलीच रेघ अडली. नातीने ब्रिटनचा छोटा जन्मदाखला पाठवला होता. त्यात आईवडिलांची नावंच नसतात. पूर्ण दाखला मागवावा लागला. वडिलांच्या नैरोबीच्या दाखल्यात आजोबांचं नाव होतं, ते काम झालं. उरले आजोबा.

गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना नंबर १४ मध्ये असतात. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, आणि ही पुस्तकं सहसा तहसीलच्या अभिलेख कक्षात ठेवलेली असतात. नकलेचा अर्ज देताना गाव, वर्ष आणि बापाचं नाव लिहा. मुलाच्या नावावर भिस्त ठेवू नका, कारण नोंद बाळ जन्मताच होई आणि बारसं नंतर. आमची नोंद होती, ‘अमक्यास मुलगा’, एवढीच. वर्ष नेमकं ठाऊक नसेल तर मागची-पुढची दोन-दोन वर्षं पाहायची तयारी ठेवा. नोंद मोडी लिपीत असण्याचीच शक्यता जास्त. सन शके असेल तर ७८ मिळवा: १८४३ म्हणजे १९२१, आणि वर्षाअखेरचे पौष-माघ-फाल्गुन असतील तर १९२२. नक्कल मिळाली की जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या, मग त्याचं इंग्रजी भाषांतर. मूळ नक्कल, लिप्यंतर आणि भाषांतर तिन्ही एकत्र जोडायचे. नुसतं भाषांतर दिलं तर तपासणारा मूळ मागणारच.

पण ‘अमक्यास मुलगा’ म्हणजे कुठला मुलगा? पणजोबांना चार होते. इथे शाळा कामाला येते. शाहू महाराजांनी १९१७ ला संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, म्हणून आपल्याकडे खेड्यातही त्या काळातलं जनरल रजिस्टर सापडण्याची आशा असते. मुख्याध्यापकांकडे त्या पानाचा उतारा मागा, सही-शिक्क्यासह. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख आणि बहुधा जन्मगाव असतं. आपल्या नावातच बापाचं नाव मधे बसतं, त्यामुळे एक पिढी आपोआप जोडली जाते. परदेशी कागदांत मात्र हेच मधलं नाव गळतं. आजोबांचा नैरोबीतला एखादा नोकरीचा कागद किंवा नागरिकत्वाचा दाखला, ज्यात पूर्ण नाव आहे, तो शोधाच.

आता तारखेचं. कोतवाल बुकात जन्म ऑगस्टचा, शाळेत १ जून. मास्तरांनी अंदाजाने लिहिलेल्या १ जूनने अर्धा जिल्हा एकाच दिवशी जन्माला घातलाय! तारखा जुळवायला कुणाकडून नवा दाखला ‘करून’ घेऊ नका. आजोबांच्या परदेशी कागदांवर जी तारीख आहे ती ज्या जुन्या कागदाशी जुळते, तो पुढे ठेवा. आमच्याकडे ती शाळेची होती. कोतवाल बुकाची नक्कल जन्मगावासाठी जोडली आणि फरकाचं कारण एका प्रतिज्ञापत्रात चार ओळींत लिहिलं. प्रतिज्ञापत्र फरक समजावतं. नातं किंवा जन्म एकट्याने सिद्ध करत नाही.

नात्याची गाठ पक्की केली ती वारसाच्या फेरफाराने. पणजोबा वारल्यावर जमिनीला जे वारस लागले, त्या नोंदीत चारही मुलगे नाव-वयासह होते. लोक सातबारा घेऊन येतात, पण सातबारा मालकी सांगतो, कोण कुणाचा ते नाही. फेरफार नंबर मात्र त्यावरच सापडतो, तेवढ्यासाठी तो पाहा. जुने स्कॅन झालेले फेरफार ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आधी शोधा, मग तहसीलला जा. शहरात घर असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रकावरच्या वारसनोंदी. आणि मूळ आजी असेल तर माहेरचं नाव ते सासरचं नाव ही रेघ वेगळी भरावी लागते; विवाह दाखला नसेल तर तिच्या वडिलांच्या वारसफेरफारात बहुतेक तिचं सासरचं नाव मिळतं.

नोंद सापडली नाही तर तोंडी ‘नाही’ ऐकून परतू नका. ‘नोंद आढळत नाही’ असं लेखी घ्या. ते मिळेना तर माहिती अधिकारात अर्ज द्या, उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. त्या लेखी उत्तरासोबत शाळेचा उतारा बराच जड होतो. सरपंचाचा आजच्या तारखेचा रहिवासी दाखला मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या जन्माबद्दल काही सांगत नाही. आणि एजंटाने जुना दिसणारा दाखला आणून दिला तर हात लावू नका. खोट्या कागदावर मिळालेली नोंदणी पुढे कधीही रद्द होऊ शकते.

अर्ज ociservices.gov.in वर भरायचा. आम्ही सगळ्या नकला वंशावळीच्या क्रमाने एकाच पीडीएफमध्ये लावल्या आणि पहिलं पान वंशावळीचं ठेवलं, प्रत्येक रेघेवर पान क्रमांक टाकून. जुने कागद लॅमिनेट करू नका, मागचे शिक्के वाचता येत नाहीत. लेस्टरला आम्ही साक्षांकित नकलांचा दुसरा संच कुरिअरने पाठवला. शाळेचं मूळ पान अर्थातच शाळेतच राहिलं.