वीस मूलद्रव्ये, त्यांच्या संयुजा आणि सजीवांच्या वर्गीकरणाच्या सात पायऱ्या कशा पाठ कराव्यात

आठवी-नववीचे अनेक विद्यार्थी पहिली वीस मूलद्रव्ये एका यादीत पाठ करतात, त्यांच्या संयुजा दुसऱ्या यादीत, आणि परीक्षेत या दोन याद्या जुळवताना गोंधळतात. वास्तविक संयुजांची वेगळी यादी करण्याची गरजच नाही. मूलद्रव्यांच्या ओळी योग्य ठिकाणी तोडल्या, तर संयुजा त्या ओळींच्या चालीतच सापडते. त्यासाठी पुढील कवन घ्यावे. त्यातील प्रत्येक शब्द एका मूलद्रव्यासाठी आहे आणि ओळींची लांबी मुद्दाम ठरवलेली आहे.

हाच हेका!
लीलाने बेसन बोटांनी कालवून, नातीसाठी ओट्यावर फुलवले निगुतीने;
सोनूने मग अलगद सीताफळ, फोडले सगळ्या क्लाससाठी अगत्याने;
पोरं कॅरमला!

पहिल्या ओळीत हायड्रोजन आणि हेलिअम आहेत. दुसऱ्या ओळीत लिथिअम, बेरिलिअम, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन आणि निऑन येतात. तिसरीत सोडिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, सिलिकॉन, फॉस्फरस, सल्फर, क्लोरीन आणि अरगॉन, तर शेवटच्या ओळीत पोटॅशिअम आणि कॅल्शिअम आहेत. आधी हे कवन नुसते म्हणावे आणि दोन्ही लांब ओळींत चौथ्या शब्दानंतर, म्हणजे स्वल्पविरामाशी, स्पष्ट थांबावे. हा थांबा सुटला, तर पुढची पायरी जमत नाही. ओळी तोंडात बसल्या की एकेका शब्दाखाली मूलद्रव्याची संज्ञा लिहावी. येथे दोन ठिकाणी सावध राहावे लागते. सोडिअमची संज्ञा Na आणि पोटॅशिअमची K असते, कारण त्या नेट्रिअम आणि कॅलिअम या लॅटिन नावांवरून आल्या आहेत. शेवटच्या ओळीतील ‘कॅ’ ऐकून बरीच मुले K ही संज्ञा कॅल्शिअमला देतात. म्हणून ‘पोरं’ म्हणजे K आणि ‘कॅरमला’ म्हणजे Ca, ही जोडी स्वतंत्रपणे घोकून घ्यावी.

आता संयुजा. उजव्या हाताची मूठ बांधावी, अंगठा बाजूला ठेवावा आणि केवळ चार बोटे वापरावीत. ‘लीलाने’ म्हणताना एक बोट उघडावे, ‘बेसन’ला दुसरे, ‘बोटांनी’ला तिसरे आणि ‘कालवून’ला चौथे. थांब्यानंतर ‘नातीसाठी’ म्हणताना एक बोट मिटावे म्हणजे तीन उरतात, ‘ओट्यावर’ला दोन, ‘फुलवले’ला एक आणि ‘निगुतीने’ला मूठ पुन्हा बंद होते. उघडी राहिलेली बोटे हीच त्या मूलद्रव्याची संयुजा होय. तिसऱ्या ओळीतही बोटे अशीच चढतात आणि उतरतात. ‘हाच’ला एक बोट, ‘हेका’ला मूठ, ‘पोरं’ला एक बोट, ‘कॅरमला’ला दोन.

ही युक्ती चालते याचे कारण इलेक्ट्रॉन संरूपणात आहे. लिथिअमपासून निऑनपर्यंत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन एकापासून आठापर्यंत वाढत जातात. चारपर्यंत इलेक्ट्रॉन असतील तर तितकीच संयुजा, आणि चारपेक्षा जास्त असतील तर अष्टक पूर्ण व्हायला जितके कमी पडतात तितकी. नायट्रोजनकडे पाच आहेत, म्हणून आठ वजा पाच, म्हणजे तीन. निऑनचे अष्टक पूर्ण असल्यामुळे त्याची संयुजा शून्य आहे आणि बंद मूठ तेच सांगते. हेलिअमचे बाहेरचे कवच दोन इलेक्ट्रॉनांनीच भरते, म्हणून पहिली ओळ दोन शब्दांतच संपते. रसायनशास्त्रज्ञ न्यूलँड्स यांनी 1865 मध्ये अष्टकांचा नियम, म्हणजे दर आठव्या मूलद्रव्याचे गुणधर्म पहिल्यासारखे असतात हा नियम, मांडला तेव्हा निष्क्रिय वायू त्यांच्या यादीत नव्हते, म्हणून लिथिअमपासून मोजता सोडिअम आठवे येत असे. आज निऑन मध्ये आल्यामुळे ते नववे येते, आणि म्हणूनच आपली ओळ आठ शब्दांची होऊन सोडिअम नवी ओळ सुरू करते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. ॲल्युमिनिअम ऑक्साइडचे सूत्र हवे आहे. ‘सोनूने, मग, अलगद’ म्हणेपर्यंत तीन बोटे उघडतात, म्हणून ॲल्युमिनिअमची संयुजा 3. ‘लीलाने’पासून ‘ओट्यावर’पर्यंत आल्यावर दोन बोटे उरतात, म्हणून ऑक्सिजनची 2. संयुजांची तिरकस अदलाबदल केली की Al2O3 मिळते. कॅल्शिअम ऑक्साइडच्या वेळी दोन्हींची संयुजा 2 येते, तेव्हा आकडे लहान करून CaO लिहावे. Ca2O2 लिहिणाऱ्याचे पाठांतर बरोबर असते, पण शेवटची पायरी राहून गेलेली असते. अणुअंकही याच ओळींतून मिळतो. दुसऱ्या ओळीतील शब्दाच्या क्रमांकात 2 आणि तिसऱ्या ओळीतील शब्दाच्या क्रमांकात 10 मिळवावेत. ‘सगळ्या’ तिसऱ्या ओळीत सहावा आहे, म्हणून सल्फरचा अणुअंक 16.

म्हणताना एखादा शब्द गळला आहे का, हे हातच सांगतो. ‘निगुतीने’ आणि ‘अगत्याने’ या शब्दांवर मूठ बंद झाली नाही, तर मधला एक शब्द सुटला आहे असे समजावे आणि ओळ पहिल्यापासून म्हणावी. मात्र या बोटांना मर्यादा आहेत. ती फॉस्फरसला 3 आणि सल्फरला 2 हीच संयुजा दाखवतात, परंतु PCl5 मध्ये फॉस्फरसची संयुजा 5 आहे, तर SO2 आणि SO3 मध्ये सल्फरची अनुक्रमे 4 आणि 6. या परिवर्ती संयुजा वेगळ्याच लक्षात ठेवाव्या लागतात. कॅल्शिअमनंतर स्कँडिअमपासून इलेक्ट्रॉन आतल्या कवचात भरू लागतात, त्यामुळे कवन तेथून पुढे ओढण्याचा प्रयत्न करू नये.

आता सजीवांचे वर्गीकरण. त्याच्या पायऱ्यांना चाल लागत नाही, एक वाक्य पुरते: ‘सृष्टीने संक्रांतीला वहिनीला गरम कुरमुऱ्यांचा प्रसाद जास्त दिला.’ शेवटचा ‘दिला’ सोडला की सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती या सात पायऱ्या मोठ्या गटाकडून लहान गटाकडे उतरत येतात. वनस्पतींसाठी संघाऐवजी विभाग म्हणतात, तेव्हा वाक्यात संक्रांतीच्या जागी ‘विजयादशमीला’ म्हणावे. सर्वाधिक चुका शेवटच्या दोन पायऱ्यांत होतात. तेथे ज्याचे नाव लांब त्याचा गट मोठा, म्हणजे प्रजाती आधी आणि जाती नंतर, एवढे धरून ठेवावे.

हे वाक्य खऱ्या सजीवावर चालवून पाहिल्याशिवाय पक्के होत नाही. आंबा घ्यावा: सृष्टी वनस्पती, विभाग आवृत्तबीजी, वर्ग द्विबीजपत्री, गण सॅपिंडेलीस, कुल ॲनाकार्डिएसी, प्रजाती मँगिफेरा, जाती इंडिका. नंतर काजू घेऊन तेच वाक्य पुन्हा म्हणावे. ‘कुरमुऱ्यांचा’पर्यंत एकही उत्तर बदलत नाही, कारण आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुलातले आहेत. ‘प्रसाद’पाशी मात्र वाटा फुटतात आणि काजूची प्रजाती ॲनाकार्डियम, तर बिब्ब्याची सेमेकार्पस अशी निघते. दोन सजीव कोणत्या शब्दापाशी वेगळे झाले, हे सांगता आले की त्यांचे नाते किती जवळचे आहे, या प्रश्नाचेही उत्तर त्याच वाक्यातून देता येते.