आठवडी पगाराच्या घरात टक्क्यांचा हिशोब कसा बसवावा

पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के बचत हे सूत्र ठरावीक पगार असलेल्याला सोपं जातं. सोलापूरच्या पूर्व भागात मात्र कितीतरी घरांत यंत्रमागाचा पगार आठवड्याला येतो, विड्यांची मजुरी हजारामागे मिळते, आणि दोन्ही खालीवर होतात. अशा घरात आधी 'महिन्याचं उत्पन्न' म्हणजे नेमकं किती, हे ठरवावं लागतं.

गेल्या तीन महिन्यांत दर आठवड्याला घरात मिळून किती आले ते वहीत लिहा. सर्वांत कमी आठवडा घ्या आणि त्याला चारने गुणा. सरासरी धरू नका. सरासरीवर खर्च बांधला की कमी कामाच्या आठवड्यात उधारी ठरलेलीच. समजा कमीत कमी आठवडा 5,000 चा आहे, तर महिना 20,000 चा धरा.

आता गरजा रुपयांत लिहा: भाडं 4,000, किराणा-भाजी 6,500, गॅस-वीज 1,500, शाळेची रिक्षा आणि औषधं 1,500. इथे बहुतेकांचं एक चुकतं. जूनमधली वह्या-गणवेशाची 6,000 ची रक्कम कुणी महिन्यात धरत नाही. तिचा बारावा भाग, म्हणजे 500, गरजांतच घाला. एकूण 14,000 झाले, म्हणजे 70 टक्के. पन्नासात बसवायला जाऊ नका, बसणार नाही. उरलेल्यात 20 टक्के, म्हणजे 4,000 बचत आणि 10 टक्के, म्हणजे 2,000 हौस. गड्ड्याच्या जत्रेचा खर्च यातूनच. भिशीचा हप्ता बचतीत धरा, पण भिशी लागली की ती रक्कम उत्पन्न समजून पुन्हा वाटू नका. ते तुमचेच साठवलेले पैसे आहेत.

वर्षात किमान चार महिने असे येतात की त्यांत पाच पगार पडतात. तो पाचवा पगार आणि चांगल्या आठवड्याची वाढीव रक्कम टक्क्यांत न वाटता थेट वेगळ्या खात्यात टाका. तीन महिन्यांच्या गरजा, म्हणजे 42,000 जमेपर्यंत हेच करा.

काम घटून महिन्याला 16,000 च आले, तर सगळे टक्के सारखे कापता येत नाहीत, कारण भाडं काही कमी होत नाही. गरजांचे 14,000 तसेच ठेवा, हौस 500 वर आणा, बचत 1,500 करा. उत्पन्न 14,000 च्याही खाली गेलं, तर तेवढी तूट त्या वेगळ्या खात्यातून भरा. ते खातं त्यासाठीच आहे.

मजुरी वाढली तर तीन महिने वाट पाहा. कमीत कमी आठवडा खरंच 6,000 वर टिकला, तरच महिना 24,000 चा धरा. वाढलेल्या 4,000 पैकी निम्मे बचतीला द्या, उरलेले हजार-हजार गरजा आणि हौसेला. मग गरजा 62.5, बचत 25 आणि हौस 12.5 टक्क्यांवर येते.