सिनॅक्थेन टेस्ट नॉर्मल आहे, पण पिट्युटरीला इजा कधी झाली?

एंडोक्रिनॉलॉजीच्या पोस्टिंगला आलात की पहिल्याच आठवड्यात शॉर्ट सिनॅक्थेन टेस्ट तुमच्या गळ्यात पडणार. करायला सोपी आहे, घाबरू नका. सकाळी आठ-नऊच्या सुमारास बेसल कॉर्टिसॉलचं सॅम्पल घ्यायचं, २५० मायक्रोग्रॅम टेट्राकोसॅक्टाइड, म्हणजे सिनॅक्थेन, हे कृत्रिम एसीटीएच शिरेतून किंवा स्नायूत द्यायचं आणि ३० व ६० मिनिटांनी पुन्हा सॅम्पल. इंजेक्शननंतरचे आकडे दिवसाच्या कुठल्याही वेळी वाचता येतात, बेसलचा मात्र सकाळचाच कामाचा. पेशंट हायड्रोकॉर्टिसोनवर असेल तर १८ ते २४ तास आधी थांबवायचं, नाहीतर गोळीचंच कॉर्टिसॉल मोजत बसाल. ट्यूबवर ठरलेली वेळ लिहू नका, रक्त खरोखर काढलं ती लिहा.

कट-ऑफचं म्हणाल तर पाठ केलेला १८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा जुन्या इम्युनोअॅसेचा. नव्या, जास्त नेमक्या पद्धतींत १४-१५ च्या आसपासही पुरेसा धरतात. म्हणून लॅबला फोन करून कुठली अॅसे वापरता ते विचारा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कट-ऑफच्या कार्डांवर माझा काडीचा विश्वास नाही. अॅसेचं नाव त्यावर कधीच नसतं. बाई इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर असेल तर आकडा फुगतो, अल्ब्युमिन फार कमी असेल तर खोटा उतरतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. रेसिडेन्सीत कॅज्युअल्टीला एक चाळिशीतले गृहस्थ आले. पिट्युटरीच्या गाठीत रक्तस्राव होऊन दुसरीकडे नाकावाटे ऑपरेशन झालेलं, त्याला चौथा आठवडा. उलट्या, बीपी ८४/५०, सोडियम १२१, पोटॅशियम ४.३. बायकोने पिशवीतून फाइल काढली. ऑपरेशननंतर सहाव्या दिवशीची सिनॅक्थेन टेस्ट: बेसल ५.२, तीस मिनिटांना १९.८, साठ मिनिटांना २२.४. खाली शेरा, ‘अॅड्रिनल रिझर्व्ह पुरेसा’. स्टेरॉइड बंद करून घरी पाठवलेलं. मी तो कागद हातात धरून चक्रावलो होतो, कारण समोरचा माणूस सरळसरळ क्रायसिसमध्ये दिसत होता. रजिस्ट्रारने रिपोर्टकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘ऑपरेशन कधी झालं?’ एवढंच विचारलं, कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून ठेवायला सांगितलं आणि रिपोर्टची वाट न बघता १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून दिलं. संध्याकाळी आकडा आला: १.४.

टेस्ट चुकली नव्हती. सिनॅक्थेन पिट्युटरीला काही विचारतच नाही, ते थेट अॅड्रिनलला हाक मारतं. लाइट गेलेली असताना शेतातली मोटर जनरेटरवर चालवून पाहिली आणि ती चालली, तर मोटर धड आहे एवढंच कळतं. लाइट आली असं नाही. पिट्युटरीचं एसीटीएच बंद पडलं तरी अॅड्रिनलचा कॉर्टिसॉल बनवणारा थर लगेच सुकत नाही, त्याला काही आठवडे लागतात. तोवर २५० मायक्रोग्रॅमचा प्रचंड डोस मिळाला की ग्रंथी उत्तम उत्तर देते. एक मायक्रोग्रॅमची टेस्ट करून ही अडचण सुटेल असं काही जण सांगतात. सुटत नाही, ग्रंथी अजून ताजीच असते. पोटॅशियमने गाफील राहू नका: अल्डोस्टेरॉन मुख्यतः रेनिनच्या तालावर चालतं, त्यामुळे पिट्युटरीच्या आजारात ते बहुधा शाबूत असतं.

म्हणून ऑपरेशन, अॅपोप्लेक्सी किंवा डोक्याला मार लागल्यानंतर साधारण पहिले सहा आठवडे नॉर्मल सिनॅक्थेनवर विसंबून स्टेरॉइड बंद करायचं नाही. अॅबनॉर्मल आली तर मात्र ती खरी धरा. बहुधा कमतरता आधीपासूनच होती. या काळात सकाळी आठचं कॉर्टिसॉल जास्त कामाचं. ३ च्या खाली असेल तर कमतरता जवळजवळ नक्की. १५ च्या वर असेल तर बहुतेक निभावतं. मधल्या पट्ट्यात, जिथे या गृहस्थांचं ५.२ होतं, हायड्रोकॉर्टिसोन चालू ठेवा, ताप-उलट्यांत डोस दुप्पट करायचा आणि गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी तडक यायचं हे घरच्यांना समजावा, आणि सहा आठवड्यांनंतर टेस्ट करा. इन्शुलिन टॉलरन्स टेस्ट हा पूर्ण साखळी तपासणारा मार्ग आहे, पण फिट्स किंवा हृदयविकार असलेल्याला ती करायची नाही, आणि हौशीने तर कुणालाच नाही.

ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी उठून चहा मागत होते, हेही सांगतो. वेळेत ओळखलं तर इतक्या झटपट सुधारणारे पेशंट कमी मिळतात. पुढे दोन महिन्यांनी तीच टेस्ट केली तेव्हा साठ मिनिटांचा आकडा ७ होता. त्यांचं फ्री टी-फोरही कमी होतं. थायरॉक्सिन मात्र हायड्रोकॉर्टिसोन सुरू झाल्यावरच लिहायचं. उलट क्रमाने दिलंत तर उरलंसुरलं कॉर्टिसॉल आणखी भरभर संपतं आणि पेशंट पुन्हा कॅज्युअल्टीत येतो.