शेजारच्या पायाखालचा क्लच

ड्रायव्हिंग स्कूलच्या पहिल्या पंधरा दिवसांत माझ्या हातून गाडी फक्त एकदा बंद पडली आणि त्यामुळे क्लच आपल्याला चांगला जमतो, असा माझा समज झाला. त्यानंतर मामाच्या गाडीत बसले, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच ती सहा वेळा बंद पडली. मामाने शांतपणे विचारले, "तिकडे सरांचा पाय कुठे असायचा?" त्याचे उत्तर मला देता येईना, कारण मी तिकडे कधी पाहिलेच नव्हते.

शिकवण्याच्या गाडीत प्रशिक्षकाच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. गर्दीच्या रस्त्यावर त्याची नितांत गरज असते. परंतु गाडी बंद पडून मागची रांग खोळंबू नये म्हणून अनेक प्रशिक्षक सुरुवातीचा क्लच स्वतःच सांभाळतात आणि शिकणाऱ्याला मात्र गाडी आपणच उचलली असे वाटत राहते. दोन्ही पेडल एकमेकांना दांडीने जोडलेली असतील, तर हे ओळखणे सोपे जाते. आपण जोर दिलेला नसताना पेडल तळव्याखालून खाली सरकले किंवा पाय पटकन उचलूनही गाडी झटका न देता निघाली, तर क्लच दुसऱ्याच्या पायाखाली आहे, असे खुशाल समजावे.

मामाने मोकळ्या, सपाट मैदानात मला जो सराव करायला लावला, त्यात ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायलाच बंदी होती. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकायचा, हँडब्रेक सोडायचा, टाच जमिनीवर टेकवून क्लच अगदी सावकाश वर येऊ द्यायचा आणि कान इंजिनाकडे ठेवायचे. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जरा जड होतो, सीटला बारीक थरथर जाणवते आणि गाडी मुंगीच्या पावलांनी सरकू लागते. "आवाज बदलला की पाय तिथेच थांबव, दोन आकडे मोज, मग बाकीचा सोड," एवढेच तो सांगत असे. माझी चूक नेमकी तिथेच होती: गाडी हलल्याच्या आनंदात मी उरलेला क्लच एकदम सोडून देई. चाके अजून जवळजवळ स्थिर असतात, इंजिन फिरत असते आणि त्या दोहोंचा वेग जुळण्याआधीच ती घट्ट जोडली गेली, तर संथ फिरणाऱ्या इंजिनाला गाडीचे वजन पेलत नाही. गचका बसतो आणि ते बंद पडते. गचका जाणवताच क्लच पुन्हा पूर्ण दाबला, तर बहुतेक वेळा इंजिन वाचते.

आवाज जड होतो ती क्लचची जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते. क्लचप्लेट झिजलेली असेल, तर पुष्कळ गाड्यांत ही जागा बरीच वर येते. म्हणून गाडी बदलली, की मी आजही आधी सपाटीवर दोन वेळा ती शोधते. नातेवाइकाच्या गाडीत दुसरा ब्रेक नसतो, ही गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. आमचा सगळा सराव चालण्याच्या वेगात झाला आणि मामाचा हात हँडब्रेकवर असे. वेगात तो ओढल्यास मागची चाके घसरू शकतात, त्यामुळे रस्त्यावरच्या पहिल्या धड्यांसाठी शाळेचीच गाडी योग्य, असे माझे मत आहे.

चढावर काम थोडे वाढते. हँडब्रेक ओढलेला ठेवून किंचित रेस द्यायची, क्लच त्या जागेपर्यंत आणायचा, बॉनेट जरासे उचलल्यासारखे दिसले आणि गाडी हँडब्रेकला ताणते आहे असे वाटले, की मगच हँडब्रेक सोडायचा. मी एकदा हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवरच गाडी चढावर तोलून धरली आणि मला ते मोठे कसब वाटले. मिनिटभरात करपल्याचा उग्र वास आला. प्लेट सतत घासत राहिल्याने तापते आणि लवकर झिजते, हे मामाने गाडी बाजूला घेऊन, ती निवेपर्यंत थांबून समजावले. रागावला नाही, पण वास नीट घेऊन ठेव म्हणाला.

शाळेचे चार धडे शिल्लक होते. पाचव्या मिनिटाला गाडी चौकात बंद पडणार हे माहीत असूनही मी सरांना, धोका नसेल तर पाय पेडलवरून काढून ठेवण्याची विनंती केली. त्यांना ते फारसे रुचले नाही, तरी त्यांनी दोन्ही पाय मागे घेतले. गाडी दोनदा बंद पडली आणि मागून हॉर्न वाजू लागले. क्लच दाबला, ब्रेकवर पाय ठेवला, पुन्हा चावी फिरवली. तिसऱ्या खेपेला आवाज जड झाला, मी दोन आकडे मोजले आणि गाडी निघाली.