मुदतवाढीचा ईमेल लिहिण्यापूर्वीची तयारी

मॅडमना ईमेल लिहायला बसण्यापूर्वी क्षेत्रकार्याची वही समोर उघडी असावी, कारण ‘पावसामुळे काम लांबले’ एवढ्या वाक्यावर त्या पहिला प्रश्न विचारणार तो मधल्या कोरड्या दिवसांचा. आपला प्रकल्प बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पाण्याचा आहे. सामा, काळा घोडा आणि वडसर या तीन ठिकाणांचे नमुने १५ सप्टेंबरला घ्यायचे होते आणि ते घेता आले नाहीत. पाऊस थांबला तरी नदी लगेच उतरत नाही, आणि फुगलेल्या नदीत पावसाचे पाणी मिसळल्यामुळे सांडपाण्याचा भार पातळ होऊन बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप, कमी दिसते. असे आकडे जूनच्या आकड्यांशेजारी मांडले, तर नदी सुधारल्याचा भास होईल. हे खरे कारण आहे आणि ते ईमेलमध्ये दोन वाक्यांत यावे. ओसरत्या पाण्यात काठावर चिखल असतो आणि मगरीही असतात, म्हणून नमुने पुलावरून दोरीने बादली सोडून घेणार, हेही लिहावे; बडोद्यात याचे स्पष्टीकरण कोणी मागणार नाही.

त्यानंतर तारीख ठरवावी, आणि ती अंदाजाने नव्हे, तर शेवटच्या चाचणीपासून मोजून. बीओडीच्या बाटल्या २७ अंश सेल्सिअसवर तीन दिवस इन्क्युबेटरमध्ये राहतात. गुरुवारी नमुने घेतले, तर बाटल्या रविवारी उघडाव्या लागतील आणि त्या दिवशी प्रयोगशाळेला कुलूप असते. (मागच्या वर्षी माझी एक अख्खी फेरी अशीच वाया गेली.) म्हणून सोमवारी, ६ ऑक्टोबरला, नमुने घ्यावेत, त्याच दिवशी बाटल्या आत ठेवाव्यात आणि गुरुवारी, ९ ऑक्टोबरला, वाचन घ्यावे, आकडेमोड आणि लेखनासाठी सहा दिवस धरले की १५ ऑक्टोबर येतो. त्या आठवड्यात इन्क्युबेटर मोकळा आहे का, हे प्रयोगशाळेतल्या काकांना आधी विचारून घ्यावे, नाहीतर हा सगळा हिशेब कागदावरच राहील.

अहवालाची मूळ मुदत ३० सप्टेंबरची असल्यामुळे ईमेल २२ तारखेच्या आसपास जावा. आदल्या रात्री पाठवलेल्या विनंतीत कारण खरे असले तरी ते सबबीसारखे वाचले जाते. वहीतल्या नोंदींच्या पानाचे छायाचित्र सोबत जोडावे. मजकूर साधारण असा असावा:

‘आदरणीय मॅडम, १५ सप्टेंबरला नियोजित असलेले नमुने नदीला पूर आल्यामुळे घेता आले नाहीत. पाणी ओसरल्यावर ६ ऑक्टोबरला ते घेऊन ९ तारखेला बीओडीचे वाचन पूर्ण करीन. अहवालासाठी १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळावी, ही विनंती. प्रस्तावना, नकाशा, कार्यपद्धती आणि जूनचे आकडे ३० सप्टेंबरलाच सादर करीत आहे.’

आता राहिला एकच प्रश्न: ६ तारखेलाही नदी चढलेली असली तर? त्यासाठी १३ ऑक्टोबरचा सोमवार राखून ठेवावा, आणि तो वापरावा लागला तर अहवाल २२ तारखेला देता येईल, हे ईमेलच्या शेवटी आताच कळवावे.