माळेचे दिवे ठिपक्यांसारखे दिसत होते, ते मोठे गोल कसे झाले

५० मिमी लेन्स, छिद्र एफ/१.८ वर पूर्ण उघडं, तरी पणतीमागच्या माळेचे दिवे बारीक ठिपकेच दिसत होते. पणती कॅमेऱ्यापासून एक मीटरवर होती आणि माळ तिच्या मागे जेमतेम अर्धा मीटर. माळ तीन मीटर मागे नेली, तेव्हा गोल दुपटीहून मोठे झाले. त्याहून मागे नेऊन मात्र फारसा फरक पडत नाही, गोल मोठे होण्याचा वेग मंदावतो.

खरी गंमत पुढे होती. माळेला हात न लावता कॅमेराच पणतीच्या ६० सेंटीमीटरवर आणला आणि गोल पुन्हा जवळपास दुप्पट झाले! जवळच्या वस्तूवर फोकस केला की मागचं सगळं जास्त पसरतं. पण फोकसची खोली फारच कमी उरते, म्हणून मी एकच फोकस बिंदू ज्योतीवर ठेवते.

कडेचे गोल लिंबासारखे लांबट दिसले, तर छिद्र एफ/२.८ करावं. ते गोलसर होतात, पण लहानही होतात. मला मधले गोल पुरेसे वाटतात, म्हणून मी एफ/१.८ सोडत नाही. काही दिवे फोटोत गायबच झाले, तर ती एलईडीची लुकलुक असते. शटर १/५० वर आणलं की ते परत दिसतात.