टेंडरचे भाग पाडताना कलमांचे धागे कसे जपायचे

चारशे पानांचं टेंडर हातात आलं की नवखा माणूस पन्नास-पन्नास पानांचे आठ गठ्ठे करतो आणि एकेकाचा सारांश लिहायला बसतो. चूक तिथेच होते. टेंडरमध्ये नियम एका जागी असतो, त्या नियमातला आकडा दुसऱ्या जागी, अपवाद तिसऱ्या जागी, आणि मागून आलेलं कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीपत्रक, तो आकडाच बदलून टाकतं. पानांवर सुरी चालवली की हे चौघं चार गठ्ठ्यांत जातात. मग प्रत्येक सारांश आपापल्या गठ्ठ्यापुरता बरोबर असतो आणि एकत्र वाचले की चुकीचे ठरतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. जागतिक बँकेच्या कर्जातून होणाऱ्या मोठ्या कामांत बऱ्याचदा फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2017 च्या लाल पुस्तकातल्या सामान्य अटी, म्हणजे जीसीसी, लावलेल्या असतात. समजा 412 पानांच्या अशा टेंडरमध्ये जीसीसी पान 121 ते 248 वर आहे, त्यामागे विशेष अटी आहेत, आणि विशेष अटींच्या सुरुवातीला कॉन्ट्रॅक्ट डेटाचा तक्ता आहे. आपल्याला हवं आहे ते विलंबाच्या दंडाचं कलम 8.8. ते पान 187 वर सापडतं. काम मुदतीत झालं नाही तर दर दिवसाला दंड, असं ते सांगतं. पण किती, ते सांगत नाही. आकडा पान 252 वरच्या कॉन्ट्रॅक्ट डेटात आहे: दिवसाला करार रकमेच्या 0.05 टक्के, कमाल 10 टक्के. 80 कोटींच्या कामावर हे रोजचे 4 लाख होतात आणि 200 दिवसांत 8 कोटींची कमाल गाठली जाते. त्यापुढचा उशीर फुकट, असं वाटू शकतं. पण पान 219 वरचं कलम 15.2 म्हणतं की दंड कमाल मर्यादेपलीकडे जाईल इतका उशीर झाला तर मालकाला करार संपवण्याची नोटीस देता येते. आणि कॉरिजेंडम क्रमांक 2 ने दर 0.1 टक्के केला असेल, तर रोजचे 8 लाख आणि हातात फक्त 100 दिवस. 187 व्या पानाचा गठ्ठा एकटा वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून भाग पाडायचे ते खंडाप्रमाणेही नाहीत आणि पानांप्रमाणेही नाहीत. एक विषय, एक भाग. 'मुदत आणि विलंब' या भागात जीसीसीचं कलम 8 पूर्ण येतं. त्याच्या खाली कॉन्ट्रॅक्ट डेटातल्या कलम 8 च्या ओळी, विशेष अटींनी त्यात केलेले बदल, आणि त्यावरचं कॉरिजेंडम व निविदा भरण्याआधी विचारलेल्या प्री-बिड शंकांची उत्तरं. निविदाकारांसाठीच्या सूचनांचंही तसंच: त्या आणि त्यांचा तपशील देणारा बिड डेटा शीट वेगळे करायचेच नाहीत. एक भाग साधारण 15 ते 25 पानांचा असावा, पण एखादं कलम मधोमध तुटत असेल तर पानं वाढू द्या. 'सब्जेक्ट टू' किंवा 'नॉटविथस्टँडिंग' अशा अट किंवा अपवाद घालणाऱ्या शब्दांनी सुरू होणारं पोटकलम पुढच्या भागात पडलं, तर आधीच्या भागात नियम बिनशर्त दिसतो. बीओक्यू म्हणजे कामाच्या बाबी, परिमाणं आणि दरांचा तक्ता; त्याचा गद्य सारांश करू नका. तो तक्ताच ठेवा आणि प्रत्येक बाबीसमोर तिचं तांत्रिक विनिर्देशातलं कलम लिहा.

भाग पाडण्याआधी दोन कामं उरकायची. पहिलं, प्रत्येक कलमाला पत्ता: खंड, कलम आणि पीडीएफचं पान. छापील पानक्रमांकावर विसंबू नका, कारण खंड बदलला की तो पुन्हा 1 पासून सुरू होतो आणि एकाच फाइलमध्ये चार 'पान 12' सापडतात. दुसरं, संदर्भांची नोंदवही. मजकूर निवडता येणारी पीडीएफ असेल तर कच्ची यादी दोन ओळींत निघते:

```
pdftotext -layout -f 121 -l 248 tender.pdf gcc.txt
grep -noE "(Sub-)?Clause [0-9]+(\.[0-9]+)*" gcc.txt
```

समोर येणारा आकडा gcc.txt मधल्या ओळीचा आहे, पानाचा नाही. gcc.txt रिकामी निघाली तर पानं स्कॅन केलेली आहेत, आधी ओसीआर करा. 'Clause' ओळीच्या शेवटी आणि क्रमांक पुढच्या ओळीवर असेल तर तो संदर्भ निसटतो, तेव्हा महत्त्वाची कलमं डोळ्यांनी वाचावीच लागतात. नोंदवहीतली एक ओळ अशी दिसते, तिच्यात CD म्हणजे कॉन्ट्रॅक्ट डेटा आणि Corr-2 म्हणजे कॉरिजेंडम 2:

```
GCC 8.8 | p.187 | -> CD 8.8 p.252 | -> GCC 15.2 p.219 | <- Corr-2 p.3
```

पण खरा धोका अशा यादीत न सापडणाऱ्या संदर्भांचा असतो. इंग्रजी मसुद्यात मोठ्या अक्षराने लिहिलेला प्रत्येक शब्द म्हणजे कलम 1.1 मधली व्याख्या, आणि व्याख्येच्या पोटात आणखी कलमं असतात. कलम 8.8 मध्ये 'टाइम फॉर कम्प्लीशन' हा शब्द आहे. मुदतवाढीचा, म्हणजे 8.5 चा, क्रमांक तिथे नाही. तो व्याख्येत आहे: 8.5 खाली वाढवलेली मुदत धरून. मुदतवाढ मागायची तर 20.2 प्रमाणे, घटना कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून 28 दिवसांत दाव्याची नोटीस द्यावी लागते. ती चुकली तर मुदतवाढ हातची जाऊ शकते आणि दंड चालू राहतो. म्हणून प्रत्येक भागाच्या डोक्यावर त्या भागात आलेल्या व्याख्यांचा मूळ मजकूर चिकटवा. त्यासाठी भाग दोन पानांनी लांबला तरी चालेल.

सारांश लिहिताना प्रत्येक विधानाच्या शेवटी पत्ता हवा, आणि जे वाक्य दुसऱ्या भागावर अवलंबून आहे तिथे तसं लिहायला हवं: 'दर 0.1 टक्के (कॉरिजेंडम 2, पान 3, मूळ 0.05, पान 252), कमाल गाठल्यावरचा परिणाम 15.2 मध्ये, "करार समाप्ती" भाग पाहा.' कुठला कागद कुणावर चढतो हे आठवणीतून ठरवू नका. जीसीसीच्या कलम 1.5 मध्ये प्राधान्यक्रम दिलेला असतो आणि कॉन्ट्रॅक्ट डेटा व विशेष अटी सामान्य अटींच्या वर असतात. मात्र विशेष अटींनी हा क्रमच बदलला आहे का, ते आधी पाहा. हे काम माणूस करो की संगणकावरचं भाषा-मॉडेल, एक खोड दोघांत सारखी असते: ओळखीचं कलम दिसलं की ओळखीचा आकडा लिहून मोकळं होणं. नोटीस 28 दिवस, हे पाठ असतं; या टेंडरच्या विशेष अटींनी ते 14 केले असतील, हे बघायचं राहून जातं.

सगळ्या भागांचे सारांश झाले की त्यांचा एकत्र गोषवारा करायचा असतो. तिथे आकडे सारांशातून उचलायचे नाहीत, पत्ता धरून मूळ पानावरून पुन्हा घ्यायचे. तपासणी दोन्ही दिशांनी करा. सारांशातला प्रत्येक आकडा आणि तारीख मूळ पानावर सापडते का, हे एकदा. आणि नोंदवहीतल्या प्रत्येक ओळीची दोन्ही टोकं कुठल्या ना कुठल्या सारांशात आली का, हे दुसऱ्यांदा. पहिल्या फेरीत खोटे आकडे पकडले जातात, दुसऱ्या फेरीत गळालेली कलमं.

नोंदवहीत काही ओळींना दुसरं टोक मिळतच नाही. जुन्या टेंडरवरून नवं बेतताना एखादं कलम काढलं जातं आणि त्याच्याकडे बोट दाखवणारं वाक्य तसंच राहतं. अशा ठिकाणी जवळचं वाटणारं कलम सारांशात बसवू नका. 'संदर्भित कलम टेंडरमध्ये नाही' असं पत्त्यासह लिहा आणि ती ओळ प्री-बिडच्या प्रश्नांच्या तक्त्यात टाका. हे तक्ते शंका पाठवण्याच्या शेवटच्या तारखेआधी जायला हवेत, म्हणून नोंदवही सारांशांच्या आधी, पहिल्या दोन दिवसांतच तयार करायची.